उन्हातल्या फोटोवर हॅट बसवली, पण कडेची सावली चेहऱ्यावर पटत नाही

रानवारा
नमस्कार मंडळी. माझे मोठे काका वनखात्यातून निवृत्त झाले. आयुष्यभर डोक्यावर रुंद कडेची हिरवट फेल्ट हॅट असायची. पुढच्या महिन्यात त्यांची पंच्याहत्तरी आहे आणि आम्ही भावंडं त्यांचा एक मोठा फोटो फ्रेम करून देणार आहोत. त्यांचा सगळ्यांत देखणा फोटो 2007 च्या डिसेंबरातला, पेंचच्या विश्रामगृहाच्या अंगणात भर दुपारच्या उन्हात काढलेला. नेमके त्यातच ते उघड्या डोक्यानं उभे आहेत.

हॅट घरात आहे. तिचा वेगळा फोटो काढून मी जिंपमध्ये डोक्यावर बसवली. माप जमलं, केसही झाकले गेले. अडलंय ते सावलीपाशी. नवीन लेअर घेतला, काळ्या मऊ ब्रशनं कपाळ आणि डोळे रंगवले, लेअर मल्टिप्लायवर टाकला, अपारदर्शकता 50 टक्के ठेवली. आता काकांचे डोळे दोन काळ्या खड्ड्यांसारखे दिसतात आणि कपाळ राखेसारखं. सावली फिकी केली की हॅट हवेत तरंगते, गडद केली की काका आजारी वाटतात. मधली जागा सापडत नाही. चुकतंय कुठे?

बर्डीचा_बंड्या
काहून बाप्पा एवढं डोकं लावून राहिले! काका आहेत, हॅट आहे, नागपूरचं ऊन आहे. गच्चीवर उभं करा अन् काढा नवीन फोटो.

रानवारा
बंड्याभाऊ, तो फोटो तर काढणारच आहोत. पण हा 2007 चा चेहरा काकूला हवा आहे. नोकरीतलं शेवटचं वर्ष होतं ते.

बर्डीचा_बंड्या
काकूचा हुकूम म्हटल्यावर विषय संपला. करा मंग.

कमलताई_वर्धा
आमच्या सासऱ्यांच्या फोटोवर टोपी बसवून घेतली होती, इतकी छान बसली की कुणाला कळलंही नाही. सावलीबिवली काही करावी लागली नाही. तुम्ही उगाच काळं भरताय असं वाटतं.

रानवारा
कमलताई, टोपी कुठली होती? गांधी टोपी का?

कमलताई_वर्धा
हो, पांढरी खादीची. अच्छा, तुमची कडेवाली साहेबी हॅट आहे होय. मग माझं उत्तर बाद.

पिक्सेल_पाटील
दोन गोष्टी. एक, तुमच्या सावलीची कड कडक असणार. खरी सावली नेहमी मऊ असते. मास्कला भरपूर ब्लर द्या, 60-70 पिक्सेल. दोन, काळा रंग वापरू नका. बाहेरच्या सावलीत आकाशाचा निळा उजेड असतो, म्हणून सावली निळसर हवी. गडद निळा घ्या, मल्टिप्लाय, 40 टक्के. झालं काम. मी लग्नाच्या फोटोंत रोज हेच करतो.

रानवारा
पाटीलदादा, करून पाहिलं. खड्डे निळे झाले. आणि ब्लर दिल्यावर सावली वाटेना, कपाळावर धूर आल्यासारखं दिसतंय.

ब्रशवाले_काका
पाटील काळा रंग वापरू नका म्हणाले ते बरोबर. बाकीचं या फोटोला लागू नाही. सविस्तर लिहितो, कारण हे काम मी इतवारीतल्या स्टुडिओत आधी ब्रशनं आणि नंतर संगणकावर, दोन्ही प्रकारे केलं आहे.

रानवारा, तुझा मुख्य घोटाळा कडेत नाही आणि रंगातही नाही. हॅटची सावली पडते म्हणजे चेहऱ्याच्या तेवढ्या भागावरचं ऊन जातं, बस. जिथं ऊन होतं तिथंच फरक पडेल. जिथं आधीच ऊन नव्हतं तिथं जाणार काय? काका दुपारच्या उन्हात उघड्या डोक्यानं उभे होते. म्हणजे त्यांच्या भुवयांची सावली डोळ्यांच्या खोबणीत आधीपासून आहे आणि नाकाच्या एका बाजूलाही आहे. तू सगळ्या पट्ट्यावर सारखाच काळा थर दिलास. उन्हातलं कपाळ सावलीत आलं ते ठीक, पण जी खोबण आधीच सावलीत होती ती दुसऱ्यांदा काळी झाली. तेच तुझे खड्डे. सूर्य एकच आहे, त्याला एकदाच अडवता येतं.

म्हणून हॅटच्या सावलीच्या आत ऊन-सावलीचा जुना फरक मिटला पाहिजे. उन्हातलं कपाळ, उन्हातलं गाल-हाड आणि सावलीतली खोबण, तिन्ही जवळपास एका उजेडात यायला हवीत. त्वचेचे चढउतार दिसतील, पण अगदी हलके.

रानवारा
काका, हे वाचून मूळ फोटो पुन्हा उघडला. खरंच, भुवयांखाली आधीच स्पष्ट सावली आहे! मी ती कधी पाहिलीच नव्हती. पण मग "एका उजेडात आणायचं" म्हणजे किती? अंदाजानं?

ब्रशवाले_काका
अंदाज कशाला, फोटोतच माप आहे. एकाच माणसाची त्वचा त्याच फोटोत उन्हातही आहे आणि सावलीतही. कलर पिकर घे. त्याचा नमुना थोडा मोठा ठेव, एकाच पिक्सेलचं वाचन फसवतं. उन्हातल्या गालाचे आकडे लिही. मग हनुवटीखाली, जबड्याच्या सावलीतल्या त्वचेचे लिही. चकाकणारी जागा आणि दाढीचे खुंट टाळ. आकडे इथे टाक, पुढचं सांगतो.

नंदू_हिंगणा
विषय निघालाच आहे तर माझं पण विचारतो. आजोबांचा साठच्या दशकातला काळापांढरा फोटो आहे, स्टुडिओत पडद्यासमोर बसून काढलेला. त्यांनाही हॅट घालायची आहे. मी नाकापर्यंत कडक सावली काढली, तर जोकरसारखं दिसतंय.

ब्रशवाले_काका
नंदू, आधी नाकाखाली बघ. वरच्या ओठावर नाकाची धारदार सावली आहे का?

नंदू_हिंगणा
नाही काका. नुसता हलका करडेपणा आहे.

ब्रशवाले_काका
मग हॅटच्या सावलीलाही धार नको. ज्या उजेडानं नाकाची सावली धारदार पडली नाही, तो उजेड हॅटच्या कडेची कशी पाडेल? तुझ्या फोटोत उजेड मोठ्या जागेतून आला आहे, खिडकी किंवा छत्री. तिथं कडेच्या लगेच खाली कपाळ बरंच गडद, भुवयांपर्यंत निम्मं आणि गालावर येता येता काहीच नाही, असा उतार दे. रेषा काढूच नकोस. आणि हॅट घट्ट बसते तिथं, कातड्याला टेकते त्या जागी, एक बारीक गडद रेघ मात्र हवी. ती नसेल तर हॅट टेकलेली वाटत नाही.

रानवारा
आकडे घेतले. उन्हातला गाल: लाल 214, हिरवा 168, निळा 138. जबड्याखालची सावली: 112, 80, 64.

ब्रशवाले_काका
छान, स्वच्छ उन्हाचे आकडे आहेत. आता बघ, लाल 214 चा 112 झाला, म्हणजे निम्म्याच्या जरा वर. हिरवा निम्म्याच्या जरा खाली. निळा त्याहून थोडा जास्त उतरला. म्हणजे या फोटोतली सावली निळी नाही, उलट किंचित तांबूस आहे. पाटलांचा गडद निळा इथं का चालला नाही ते यात दिसतं.

करायचं असं. चेहऱ्याच्या लेअरची प्रत काढ. त्या प्रतीवर `Colors > Curves` उघड आणि तिन्ही रंगांचे कर्व्ह वेगवेगळे ओढ: लालमध्ये 214 चा बिंदू 112 वर, हिरव्यात 168 चा 80 वर, निळ्यात 138 चा 64 वर. प्रत्येक कर्व्हचं उजवं वरचं टोकही त्याच प्रमाणात खाली आण, नाहीतर उजळ जागा उजळच राहतील. आता अख्खा चेहरा सावलीत गेलेला दिसेल. त्या प्रतीला `Layer > Mask > Add Layer Mask` मधून काळा मास्क दे, म्हणजे ती झाकली जाईल. मग जिथं हॅटची सावली पडायची तिथं पांढऱ्यानं रंगव. काळा रंग कुठेच वापरायचा नाही. उजेड कमी झालेला चेहरा मास्कखालून उघडायचा.

आणि खोबणीत मास्क पांढरा करायचा नाही. तिथले आकडे बघ, ते आधीच 112-80-64 च्या आसपास असतील. तिथं मास्क काळाच राहू दे, फार तर गडद करडा. म्हणजे खोबण जशी होती तशीच राहील आणि तिच्या शेजारचं कपाळ खाली येऊन तिला मिळेल. सगळी मेहनत या मास्कच्या आतल्या रंगकामात आहे. भुवयांच्या सावलीची कड जिथून जाते तिथूनच तुझा ब्रश जायला हवा, नाहीतर दोघांच्या मध्ये उजळ किंवा काळी रेघ उमटते.

पिक्सेल_पाटील
काका, निळ्याचा मुद्दा मी सोडत नाही. उघड्यावरची सावली निळीच असते, कॅमेरा खोटं बोलत नाही. झाडाच्या किंवा भिंतीच्या सावलीत माणूस उभा करा, निळा पडतो. रोजचा अनुभव आहे.

ब्रशवाले_काका
भिंतीच्या सावलीत पडतो, कारण डोक्यावर मोकळं आकाश असतं. हॅटची कड तेच आकाश झाकते. कपाळाला मग उजेड येतो तो समोरून आणि खालून, म्हणजे जमिनीवरून आणि सदऱ्यावरून. पेंचच्या अंगणात लाल माती आहे, काकांचा सदरा खाकी असणार. तिथून येणारा उजेड उबदारच येईल. म्हणून मी जबड्याखालचं माप घ्यायला सांगितलं, त्यालाही खालचाच उजेड मिळतो.

पिक्सेल_पाटील
फोटोतले काका पांढऱ्या वाळूवर किंवा निळ्या शर्टात असते तर?

ब्रशवाले_काका
तर आकडे वेगळे आले असते आणि मी तेच वापरायला सांगितले असते.

पिक्सेल_पाटील
हे मान्य. पण कडेच्या खालच्या बाजूला, गालावर, समोरचं आकाश दिसतंच की. तिथं थोडा निळेपणा हवा असं माझं मत कायम.

मास्तर_हनुमाननगर
मी भूमिती शिकवतो. आतापर्यंत सावली किती गडद ते झालं, पण ती कुठपर्यंत पडेल हे कुणी विचारलंच नाही. रानवारा, फोटोची वेळ आहे का? आणि हॅटची कड किती रुंद?

रानवारा
फाइलच्या माहितीत 27 डिसेंबर, 12 वाजून 40 मिनिटं आहे. कड पट्टीनं मोजली, 6 सेंटीमीटर. काका कॅमेऱ्याकडे सरळ बघतायत, ऊन फोटोच्या डावीकडून थोडं आहे.

मास्तर_हनुमाननगर
उत्तम! आपल्याकडे डिसेंबरअखेर सूर्य सव्वाबाराच्या सुमारास सर्वांत वर असतो आणि तेव्हाही क्षितिजापासून जेमतेम 45 अंश चढतो. 12:40 ला तेवढाच धरा. 45 अंशांची गंमत अशी की जेवढी कड पुढे, तेवढीच सावली खाली. म्हणजे कडेच्या पातळीपासून 6 सेंटीमीटर.

पण कुठल्या पृष्ठभागावर, ते महत्त्वाचं. हॅट भुवयांच्या 3 सेंटीमीटर वर बसली असं समजू. कपाळाच्या सपाटीत मोजलं तर सावली भुवयांच्या खाली 3 सेंटीमीटर येईल. नाकाचा दांडा कपाळाच्या सुमारे 1 सेंटीमीटर पुढे असतो, तिथं कड त्याच्यापुढे फक्त 5 उरते, म्हणून सावली भुवयांखाली 2 सेंटीमीटरवरच थांबेल. नाकाचा शेंडा आणखी पुढे आणि बराच खाली, तो पूर्ण उन्हात. डोळ्यांची खोबण मात्र आत असते, तिथं सावली आणखी खाली उतरू पाहील. म्हणजे सावलीची रेषा नाकावर वर चढते आणि दोन्ही बाजूंना गालांवर खाली उतरते. फोटोवर लोक सरळ आडवी पट्टी मारतात, ती चेहरा कागदासारखा सपाट असता तरच खरी ठरली असती.

आणखी एक. कड गोल आहे. उन्हाच्या दिशेला तोंड करून जो भाग आहे तिथं सावली सर्वांत आखूड, तिथून बाजूला सरकावं तशी ती लांबते. तुमचं ऊन फोटोच्या डावीकडून आहे, म्हणून डाव्या डोळ्याकडे रेषा थोडी वर आणि उजव्या गालाकडे खाली झुकलेली येईल.

ब्रशवाले_काका
मास्तर, मान गए. मी हे नजरेनं करत आलो, तुम्ही हिशेबात मांडलंत. एक भर घालतो. फेल्टच्या हॅटची पुढची कड बहुतेक वेळा खाली दाबलेली असते. ती 1 सेंटीमीटर खाली असेल तर सगळी रेषा तेवढीच खाली येईल. रानवारा, हॅट बाजूनं बघ.

रानवारा
हो, पुढून दबलेलीच आहे, साधारण तेवढीच. म्हणजे रेषा नाकाच्या मध्यावर आणि गालांवर त्याखाली. मी भुवयांपाशी संपवली होती! आणि मास्तर, सावलीच्या कडेच्या मऊपणाचं काय? पाटीलदादा 60 पिक्सेल म्हणाले होते.

मास्तर_हनुमाननगर
तेही काढता येतं. सूर्य आपल्याला साधारण अर्ध्या अंशाचा दिसतो, त्यामुळे सावलीची कड अंधूक होते ती अंतराच्या सुमारे शंभराव्या हिश्शानं. हॅटच्या कडेपासून गालापर्यंत किरण 8-9 सेंटीमीटर तिरका जातो. म्हणजे सावलीची कड अंधूक होईल ती मिलीमीटरपेक्षाही कमी. तुमच्या फाइलमध्ये चेहरा किती पिक्सेल उंच आहे?

रानवारा
केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंत 1260.

मास्तर_हनुमाननगर
ते अंतर 18 सेंटीमीटर धरलं तर एका सेंटीमीटरला 70 पिक्सेल. पाऊण-एक मिलीमीटर म्हणजे पाच-सहा पिक्सेल. 60 पिक्सेलची कड ढगाळ दिवसाची झाली, आणि काकांच्या नाकाची सावली सांगते आहे की ऊन कडक होतं. दोन्ही एका चेहऱ्यावर नांदणार नाहीत.

पिक्सेल_पाटील
हे मात्र पटलं. लग्नात मी मंडपातल्या उजेडावर काम करतो, तिथं सगळंच मऊ असतं.

ब्रशवाले_काका
`Filters > Blur > Gaussian Blur` मध्ये Size X आणि Size Y 2 ते 3 ठेव, संक्रमण आपोआप पाच-सहा पिक्सेलचं होतं. आणि ब्लर मास्कला दे, चेहऱ्याला नको. त्वचेवर सावलीची कड किंचित लालसर दिसते, कारण उजेड कातडीत शिरून थोडा बाजूला पसरतो. मोठी फ्रेम करणार असशील तर कडेवर अगदी बारीक लालसर झाक दे. नाही दिली तरी चालेल, पण दिली तर डोळ्याला बरं वाटतं.

नंदू_हिंगणा
काका, आजोबांचं सांगितलं तसं केलं. कडक रेषा पुसली, उतार दिला. आता आजोबा आजोबा वाटतायत. हॅट टेकते तिथं गडद रेघ दिल्यानं फार फरक पडला.

सई_धरमपेठ
सगळं वाचलं. माझी शंका हॅटच्याच फोटोबद्दल आहे. रानवारा, तो कुठं काढलास? कारण हॅटवरचा उजेड वेगळा असेल तर चेहऱ्यावर सावली कितीही अचूक पडली तरी फसणार.

रानवारा
जेवणाच्या टेबलावर, ट्यूबलाइटखाली. अरे देवा.

सई_धरमपेठ
मग तो फोटो सोडून दे. हॅट कुणाच्या तरी डोक्यावर घालून गच्चीवर पुन्हा काढ, काकांच्याच दिशेनं ऊन घेऊन. 45 अंश हवेत तर मास्तर वेळ सांगतील.

मास्तर_हनुमाननगर
वेळ सांगायची गरज नाही. गच्चीवर काठी उभी करा. काठीची सावली काठीएवढी झाली की सूर्य 45 अंशांवर. डिसेंबरात ते भर दुपारी होतं. इतर महिन्यांत सकाळी आणि दुपारनंतर एकेकदा होतं. मेच्या शेवटच्या आठवड्यात आपल्याकडे सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा मात्र दुपारची वेळ टाळा, सावली हनुवटीच्याही खाली जाईल. काठी जमली की माणूस फिरवून उभा करा, नाकाची सावली मूळ फोटोत ज्या बाजूला आहे त्याच बाजूला येईपर्यंत.

ब्रशवाले_काका
सईनं लाखाचं सांगितलं. आणि असा फोटो काढलास तर दुहेरी फायदा. हॅट मिळेल, आणि दुसऱ्याच्या चेहऱ्यावर खरी सावली कुठं वळते तेही दिसेल. तिची नक्कल करू नकोस, नाक-गाल वेगळे असतात, पण शेजारी उघडी ठेव. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर आणि अंतर काकांच्या फोटोइतकंच ठेव. जवळून काढलेली कड फुगीर दिसते.

बर्डीचा_बंड्या
माडेल लागत असंल तर मी येतो. माझं डोकं बी मोठं आहे. बदल्यात तर्री-पोहे पायजे.

रानवारा
या बंड्याभाऊ! काल रविवारी माझ्या भावाला उभं केलं होतं, पण त्याला हॅट कानापर्यंत येते.

रानवारा
अपडेट. बंड्याभाऊंच्या डोक्यावरची हॅट घेतली. (पोहे दिले.) काकांच्या प्रतीवर तिन्ही कर्व्ह ओढले, मास्क मास्तरांच्या रेषेनं काढला, खोबणीत मास्क काळा ठेवला. खड्डे गेले! पण दोन गोष्टी खटकतायत. कपाळावर एक फिकट, चुन्यासारखा डाग आलाय. आणि डोळे सावलीत असूनही कसेतरीच चमकतायत.

ब्रशवाले_काका
दोन्हींचं मूळ एक. कपाळावर उन्हाची तकाकी होती, घामाची, जवळजवळ पांढरी. कर्व्हनं ती गडद केली तरी तिच्यात त्वचेचा रंगच नाही, म्हणून चुना दिसतो. सावलीत उन्हाची तकाकी असूच शकत नाही. त्या प्रतीवरच, कर्व्ह ओढायच्या आधी, क्लोन किंवा हीलनं शेजारची साधी त्वचा तिथं आण आणि मग कर्व्ह ओढ. डोळ्यांत सूर्याचा पांढरा ठिपका असेल, तो हॅटच्या सावलीत टिकणार नाही. काढून टाक. पण डोळा पूर्ण निर्जीव करू नकोस. बुबुळाच्या खालच्या अर्ध्यात जमिनीचा मंद, रुंद उजेड ठेव, वरचा अर्धा गडद कर, कारण वर आता हॅटची कड आहे.

आणि सगळा पट्टा सारखा गडद ठेवू नकोस. हॅटला चिकटून असलेलं कपाळ सर्वांत गडद, कारण तिथं खालचा उजेड पोचायला सर्वांत अवघड. सावलीच्या खालच्या कडेपाशी, गालांवर, ती थोडी उघडते. कपाळावर लाल 95 च्या आसपास आणि गालावर 115-120, एवढा फरक पुरे.

पिक्सेल_पाटील
डोळ्यांबद्दल वेगळं मत. ही भेट आहे. लोक पहिले डोळे बघणार. ते नियमापेक्षा थोडे उजळ ठेवा. मी असतो तर ठिपकाही छोटासा ठेवला असता.

ब्रशवाले_काका
उजळ ठेवायला हरकत नाही. ठिपका नको, तो ओरडून सांगतो की ऊन अजून डोळ्यावर पडतंय.

सई_धरमपेठ
मी पाटलांच्या बाजूनं. ठिपका नसलेले डोळे फोटोत मेल्यासारखे दिसतात, बरोबर असले तरी. रानवारा, दोन्ही करून काकूला दाखव.

कमलताई_वर्धा
काकूलाच विचारा, तीच खरी परीक्षक. आणि कान विसरलात का गं? कडेची सावली कानांवरही पडत असेल ना?

ब्रशवाले_काका
कमलताई, वा! सगळे विसरलो होतो. कानांचा वरचा भाग सावलीत जातो. शिवाय उन्हाच्या विरुद्ध खांद्यावर कडेच्या सावलीचा एक तुकडा पडू शकतो. सदऱ्यावर तो नसला तर चेहरा एकीकडे आणि धड दुसरीकडे वाटतं. मास्तर, पडेल का?

मास्तर_हनुमाननगर
डोक्याची सावली आधीच त्या खांद्यावर असेल. हॅटनं ती बाजूला थोडी रुंद होईल. ऊन समोरून जास्त आणि बाजूनं कमी आहे, त्यामुळे बरीचशी सावली मागे जमिनीवर जाईल. खांद्यावर किती हे फोटो बघितल्याशिवाय सांगता येणार नाही.

रानवारा
खांद्यावर मानेजवळ जुनी सावली आहे. तिची बाहेरची कड दोनेक सेंटीमीटर पुढे सरकवते, मोजून नाही, नजरेनं. कान केले. तकाकी काढली. आत्ता भावानं येऊन पाहिलं आणि विचारलं, "काकांचा हॅटवाला फोटो कुठं सापडला?"

बर्डीचा_बंड्या
राजेहो!! पास झाली पोरगी.

ब्रशवाले_काका
शाब्बास. भावाचं मत चांगलंच, पण आणखी दोन तपासण्या कर. चित्र आडवं उलटं करून बघ, सवय झालेला डोळा पुन्हा जागा होतो. आणि काळंपांढरं करून बघ, रंगामागे लपलेली गडद-फिकट चूक तिथं उघडी पडते. सावलीतलं कपाळ आणि जबड्याखालची त्वचा शेजारीशेजारी ठेवून बघ. दोन्ही एकाच दिवसाच्या वाटल्या पाहिजेत.

रानवारा
काळ्यापांढऱ्यात डावी भुवई जरा जास्त काळी दिसली, मास्क तिथं भुवईच्या केसांवरही पांढरा होता. दुरुस्त केलं. आता प्रिंट. 16 बाय 20 इंच, मॅट कागद. काही सांगाल?

पिक्सेल_पाटील
हे माझ्या हातचं काम. मॅट कागद गडद भाग गिळतो, स्क्रीनवर दिसणारे डोळे कागदावर बुडतील. आधी फक्त चेहऱ्याची एक पट्टी त्याच कागदावर त्याच लॅबमधून काढून घ्या. एकीवर फाइल आहे तशी, दुसरीवर सावलीचा भाग थोडा उघडलेला, कपाळाचा लाल 95 ऐवजी 105. पट्ट्या ट्यूबलाइटखाली बघू नका, फ्रेम जिथं लागणार त्या भिंतीवर धरून बघा.

रानवारा
पट्ट्या आज टाकते. आणि ठिपक्याचा निकाल काकू देणार, दोन्ही प्रकार तिला फोनवर पाठवलेत. अजून उत्तर नाही, ती आणि कमलताईंसारख्या तिच्या दोन मैत्रिणी मिळून बघतायत म्हणे.

सई_धरमपेठ
ठिपक्याला माझं मत कळव तिला.

ब्रशवाले_काका
आणि माझं पण. विरोधात.